‘पुणेकरांनो, पाणी बंद?’ आणि प्रश्नचिन्हामागे लपणारे

“मराठी बातमी शीर्षकाच्या ६० अक्षरांत मावतच नाही, थोडं झाकावंच लागतं. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह टाका, जबाबदारी राहत नाही. आत खरी माहिती असली की झालं, वाचक वाचतोच. साधं शीर्षक दिलंत तर क्लिक शून्य!”

हा फॉरवर्ड माझ्या भाचीला तिच्या डेस्कच्या ग्रुपवर आला. न्यूज वेबसाइटवर लागून तिला दोनच महिने झालेत. “मामा, हे बरोबर आहे ना?” असं विचारून तिने तो मला पाठवला. नाही गं बाई, बरोबर नाही.

आधी प्रश्नचिन्ह घेतो, कारण त्याचा त्रास आमच्याच घरात झालाय. मागे एका बुधवारी सकाळी ताईच्या, म्हणजे हिच्याच आईच्या, मोबाइलवर नोटिफिकेशन आलं: ‘पुणेकरांनो, उद्यापासून पाणी बंद? जाणून घ्या सविस्तर’. ताईने पिंप, बादल्या, कुकर, सगळं भरलं आणि बातमी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात लोक टँकरवाल्याला फोन करत होते. मी महापालिकेचं प्रसिद्धिपत्रक काढून पाहिलं. दुरुस्तीसाठी गुरुवारी पर्वती जलकेंद्राच्या भागात पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने. आमची सोसायटी यादीतच नव्हती.

यात शंकेला जागा कुठे होती? दिवस, भाग, कारण, सगळं पत्रकात छापलेलं. प्रश्नचिन्ह खात्री नव्हती म्हणून आलं नाही, भीती विकायला आलं. त्याहून वाईट म्हणजे ते ‘पासून’. त्या एका शब्दाने एका दिवसाचं काम बेमुदत झालं. शिवाय ‘उद्या’ वेबवर शिळा होतो. शुक्रवारी शेअर झालेली लिंक वाचणाऱ्याचा उद्या म्हणजे शनिवार. वाराचं नाव लिहायला काय जातं? वेबसाइटने दुपारी शीर्षक गुपचूप बदललं. ताईच्या मोबाइलवरचं नोटिफिकेशन मात्र तसंच राहिलं.

राहता राहिली जबाबदारी. प्रेस कौन्सिलची आचारसंहिता सांगते की शीर्षकाला खालच्या मजकुराचा आधार हवा, आणि आरोप असेल तर तो कोणी केला ते द्या, निदान अवतरणचिन्हं तरी घाला. प्रश्नचिन्ह टाकलं की सुटका, असं तिथे नाही.

आता ती ६० अक्षरं. हेच शीर्षक असं होऊ शकलं असतं: ‘पुणे: पर्वती भागात गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी कमी दाब’. मोजा. कॉम्प्युटरच्या हिशेबाने ५५. आणि ते झाकलेलं? ५१. म्हणजे गाव, भाग, दोन वार आणि दाब एवढं सगळं चारच जास्तीच्या खुणांत बसलं, कारण ‘पुणेकरांनो’ आणि ‘जाणून घ्या सविस्तर’ यांनी अडवलेली जागा मोकळी झाली.

६० अक्षरांच्या तक्रारीत अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मोजणी मराठीवर अन्याय करते. ‘महाराष्ट्रातील’ वाचताना सहा अक्षरं, पण सॉफ्टवेअर काना, वेलांटी, हलन्त वेगळे धरून १४ मोजतं. पण ६० हा नियम आहे कुठे? गूगल म्हणतं, शीर्षकाला मर्यादा नाही. स्क्रीनच्या रुंदीत मावेल तेवढं दाखवतो, उरलेलं छाटतो. म्हणून आकड्यापेक्षा काय छाटलं जाईल ते बघा. मराठीत क्रियापद शेवटी, नकारही शेवटी. ‘जोरदार पावसाचा इशारा असला तरी शाळा उद्या बंद राहणार नाहीत’ याचं शेपूट उडालं की वाचणाऱ्याला उलटी बातमी मिळते. ‘गुरुवारी शाळा सुरूच’ असं लिहिलं तर छाटायला काही उरतच नाही.

“आत खरी माहिती असली की झालं” यावर मानसशास्त्रज्ञ उलरिक एकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रयोग छापले आहेत. लोकांना अचूक लेख दिले, पण काहींवर दिशाभूल करणारी शीर्षकं लावली. लेख पूर्ण वाचूनही शीर्षकाने लोकांच्या लक्षात काय राहिलं आणि त्यांनी काय निष्कर्ष काढले, यावर परिणाम केला. ताईने तर बातमी उघडलीच नव्हती.

क्लिकचं म्हणाल तर पाककृती किंवा मुलाखतीत थोडी उत्सुकता राखा, माझी हरकत नाही. पण पाणी, शाळा, परीक्षेची तारीख इथे वाचकाला जे हवंय तेच शीर्षकात लपवायचं? मोबाइलवर आपोआप बातम्या सुचवणाऱ्या गूगल डिस्कव्हरच्या सूचनांतही गरजेची माहिती दडवून आकर्षण वाढवू नका असं स्पष्ट लिहिलंय. ‘त्या’ अभिनेत्रीबद्दल, ‘धक्कादायक’बद्दल वेगळं काय बोलायचं!

भाचीला एवढंच कळवलं की शीर्षक दिल्यावर शेवटचे दोन शब्द हाताने झाक आणि उरलेलं आईला वाचून दाखव. काल तिने एक पाठवलं होतं. ‘बारावीची परीक्षा पुढे ढकलणार’ एवढंच दिसत होतं. ‘नाही: मंडळ’ हाताखाली होतं. पाच मिनिटांनी दुसरं आलं: ‘बारावीची परीक्षा ठरल्या दिवशीच: मंडळ’.