मॅग्नेशियम ऑक्साइड 'चौपट स्ट्राँग'? टक्के नीट वाचा

"ऑक्साइडमध्ये 60 टक्के मॅग्नेशियम, सायट्रेटमध्ये फक्त 16. म्हणजे ऑक्साइड जवळपास चौपट स्ट्राँग, वर स्वस्त. आणि पोट साफ झालं की समजायचं, मॅग्नेशियम अंगी लागतंय. आमच्या पुण्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतंय हे, खरंय का?"

टक्के बरोबर आहेत, पण ते गोळीतल्या ऑक्साइड किंवा सायट्रेटच्या वजनाचे. रक्तात किती पोचतं ते त्यावरून कळत नाही. 500 मिग्रॅ ऑक्साइड घेतलं तर त्यात साधारण 300 मिग्रॅ मॅग्नेशियम, आणि नेहमी सांगितल्या जाणाऱ्या एका छोट्या अभ्यासात त्यातलं जेमतेम 4 टक्के शोषलं गेलं, म्हणजे 12 मिग्रॅ. (सगळ्या अभ्यासांत आकडा इतका कमी येत नाही, पण ऑक्साइड मागे पडतं हे बहुतेकांत दिसतं.) आता 500 मिग्रॅ सायट्रेटमध्ये 80च मिग्रॅ आहे, पण त्यातलं 15 टक्के शोषलं तरी तेच 12 भरतात, आणि साध्या जेवणातलं मॅग्नेशियमसुद्धा आपण 30-40 टक्के शोषतो. मग चौपट कुठे राहिलं?

कारण विरघळण्यात आहे. आतड्यातून आत जातं ते सुटं झालेलं मॅग्नेशियम. सायट्रेट पाण्यातच बऱ्यापैकी विरघळतं, ऑक्साइड जवळजवळ नाहीच, त्याला पोटातलं आम्ल लागतं, आम्लाशी मिळून त्याचं मॅग्नेशियम क्लोराइड होतं तेव्हा कुठे ते सुटतं. घरी बघा, चिमूटभर ऑक्साइड पाण्यात टाकलं की गढूळ होऊन तळाला बसतं, लिंबू पिळून ढवळत राहिलात की हळूहळू विरघळायला लागतं.

म्हणून रोज पॅन्टोप्रॅझोल घेणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा. कोथरूडला आमच्या सोसायटीतले एक काका ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतात, बद्धकोष्ठासाठी त्यांनी ऑक्साइड सुरू केलं आणि काहीच फरक नाही म्हणून डोस वाढवत गेले. आम्लच दाबलेलं असेल तर ऑक्साइड नीट विरघळत नाही, मग शोषणही कमी आणि पोट साफ करायचा गुणही कमी.

"पोट साफ म्हणजे अंगी लागलं" हे तर साफ उलटं आहे. विरघळलेलं पण न शोषलेलं मॅग्नेशियम आतड्यात पाणी धरून ठेवतं, त्यानेच शौच पातळ होते. सायट्रेट आधीच विरघळलेलं, त्यामुळे मोठा डोस अर्ध्या ते सहा तासांत काम करतो. ऑक्साइड टप्प्याटप्प्याने सुटतं, पुढे आतड्यात त्याचं बायकार्बोनेट होऊन ते पाणी धरतं, म्हणून रात्री घेतलं तर परिणाम बहुधा सकाळी. जपानमध्ये बद्धकोष्ठासाठी डॉक्टर तेच सर्रास देतात, तेव्हा ऑक्साइड टाकाऊ नाही, फक्त मॅग्नेशियम भरून काढायचं असेल तर सायट्रेट बरं, तेही थोडं थोडं विभागून, कारण एकदम जास्त घेतलं की शोषणाचं प्रमाण घटतं.

क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर दोन्हीपैकी काहीच स्वतःच्या मनाने घेऊ नका, जादाचं मॅग्नेशियम किडनीच बाहेर टाकते आणि तिला ते जमत नसेल तर ते रक्तात साठत जातं.