चार लिटरची बास्केट आणि तिघांचं जेवण

«तीन-चार माणसांच्या घरात आता मायक्रोवेव्ह कशाला? चार लिटरचा एअर फ्रायर घ्या. त्यात सगळं होतं, तेलही लागत नाही. सर्व्हिस काय, सगळ्या ब्रँडची सारखीच.»

असा सल्ला देणारे बरेच भेटतात. आधी लिटरचं बघू. चार लिटर हे बास्केटचं आकारमान, पण एअर फ्रायरमध्ये पदार्थ एकावर एक रचता येत नाहीत. वरच्या कॉइलची गरम हवा पंखा खाली ढकलतो आणि ती प्रत्येक तुकड्याभोवती फिरली तरच तो कुरकुरीत होतो. म्हणजे कामाचा फक्त तळ. आमच्या चार लिटरच्या बास्केटमध्ये कोथिंबीर वडीचे बारा तुकडे सुटे बसतात. तिघांना पुरतील इतक्या वड्या करायच्या तर दोन घाणे, प्रत्येकी बारा-पंधरा मिनिटांचे, आणि पहिल्या घाण्यातल्या वड्या तोवर नरम पडतात. दुकानात खोक्यावरचा आकडा वाचू नका, बास्केट बाहेर काढून तळ बघा.

«सगळं होतं» म्हणणाऱ्याने त्यात कालची पोळी गरम करून बघावी. पातळ पोळी पंख्याच्या वाऱ्याने उचलली जाते आणि पापड होऊन बाहेर येते. भाताचं वरचं शीत कडक, आत थंड. मायक्रोवेव्ह अन्नातल्याच पाण्याला तापवतो, म्हणून पाण्याचा शिपका मारून झाकलेला वाटीभर भात दीड-दोन मिनिटांत वाफाळतो. रोजचं काम डबे गरम करण्याचं असेल तर वीस लिटरचा साधा सोलो, म्हणजे फक्त गरम करणारा मायक्रोवेव्ह पुरतो. केकही हवा असेल तर पंचवीस-अठ्ठावीस लिटरचा कन्व्हेक्शन घ्या, मात्र त्याला सोळा अँपिअरचा सॉकेट लागतो. वड्या, कटलेट, भाजलेलं पनीर वरचेवर होत असेल तर एअर फ्रायरच बरा, तो लवकर तापतो.

तेलाचं म्हणाल, तर फ्रोझन फ्राईज कारखान्यातच तेलातून निघालेले असतात. घरच्या बटाट्याला चमचाभर तेल चोळावंच लागतं. कांदाभजी तर विसराच: पीठ आळायच्या आधीच जाळीतून खाली गळतं.

राहिली सर्व्हिस. आमच्या बास्केटचं कोटिंग चौदाव्या महिन्यात सुटलं. केंद्रावर सांगितलं, कोटिंग वॉरंटीत येत नाही, आणि मॉडेल बंद झाल्याने सुटी बास्केटही नाही. मशीन ठणठणीत, पण वापरता येईना. उलट मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडाल्या, तेव्हा आतल्या भिंतीवरची अभ्रकाची पातळ पट्टी जळली होती. तसा अभ्रकाचाच तुकडा सुटा मिळतो, कात्रीने कापून बसतो, काम दहा मिनिटांचं. (बाहेरचं कव्हर मात्र स्वतः उघडू नये. प्लग काढला तरी आतला कपॅसिटर झटका देऊ शकतो.)

त्यामुळे पैसे देण्याआधी कस्टमर केअरला फोन लावून आपला पिनकोड सांगा आणि विचारा: माणूस घरी येतो की मशीन उचलून न्यायचं? सुटी बास्केट आज मागवली तर केवढ्याला आणि किती दिवसांत?