१३०० घातले, १२५ किमी चालली: तुमच्याच स्क्रीनशॉटवरून हिशोब

★ चार्जिंग स्टेशनचा रिव्ह्यू: एकदम फसवणूक. गाडीची बॅटरी ४० युनिटची, २०% ते ८०% चार्ज केली म्हणजे २४ युनिट, यांच्या अ‍ॅपने २६.४ लावले, मीटर फास्ट आहे. स्टेशनवरचा पोरगा म्हणाला फुल चार्ज ८०० मध्ये आणि किमीला तीनच्या आत. मी आधी ८०० टाकले, दुसऱ्या दिवशी परत ५०० टाकायला लागले, गाडी चालली १२५ किमी. १० रुपये किमी पडले! पेट्रोल परवडलं. चारही स्क्रीनशॉट आणि डॅशबोर्डचे फोटो खाली टाकलेत, लोकांनी बघा.

मालकाचं उत्तर:

नमस्कार सर, तुम्ही स्क्रीनशॉट आणि डॅशबोर्डचे फोटो दोन्ही टाकलेत त्याबद्दल खरंच थँक्यू, नाहीतर नुसत्या आकड्यांवर भांडण होतं. आधी आमची चूक सांगतो. आमच्या पोराने तुम्हाला ४० युनिट गुणिले २० रुपये रेट करून ८०० सांगितले आणि गाडी युनिटला ७ किमी देते म्हणून २० भागिले ७ करून २.८६ सांगितले. दोन्हीत टॅक्स नाही आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीजही नाही. अ‍ॅपच्या पहिल्या स्क्रीनवर पण रेट २० असाच दिसतो, १८% टॅक्स शेवटी बिलात लागतो, म्हणजे खरा रेट २३.६०. तेव्हा ८०० मध्ये फुल होणं शक्यच नव्हतं, तुमचा राग त्या बाबतीत बरोबर आहे.

पण १० रुपये किमी मात्र नाही पडले सर. तुमच्या चारपैकी दोन स्क्रीनशॉट वॉलेट रिचार्जचे आहेत, ८०० आणि ५००. ते तुम्ही अ‍ॅपमध्ये भरलेले पैसे, गाडीत गेलेले नाहीत. खर्च बघायचा तर फक्त सेशनचे दोन धरायचे, ज्यावर युनिट आणि टक्के दिसतात.

पहिलं सेशन, २०% ते ८०%, २६.४ युनिट, ५२८ रुपये अधिक टॅक्स ९५.०४, एकूण ६२३.०४. मग तुम्ही १२५ किमी फिरून ३५% ला परत आलात आणि पुन्हा ८०% पर्यंत केलं, २०.१ युनिट, ४०२ अधिक टॅक्स ७२.३६, एकूण ४७४.३६. आता गंमत इथे आहे. पहिल्या बिलात तुम्ही ६०% विकत घेतले पण १२५ किमीला खर्च झाले ४५% च, उरलेले १५% बॅटरीत तसेच होते. त्यामुळे पहिल्या बिलाला १२५ ने भागलं तरी उत्तर चुकीचंच येणार (४.९८ येतं). पेट्रोलवाले कसं करायचे, टाकी फुल, फिरायचं, परत टाकी फुल, आणि दुसऱ्या वेळी जेवढं भरलं तेवढंच त्या किमीचं पेट्रोल, तसंच इथे करायचं, फक्त फुलच्या जागी ८०% धरा. गाडी ८०% वरून निघाली आणि परत ८०% ला आली, म्हणजे दुसरं बिल हेच त्या १२५ किमीचं बिल. ४७४.३६ भागिले १२५, किमीला ३.७९.

खात्री म्हणून पहिल्या बिलावरून पण काढून बघा. ६२३.०४ भागिले ६० म्हणजे एका टक्क्याला १०.३८ पडले, ४५ टक्क्यांचे ४६७ आणि किमीला ३.७४. दोन वेगळ्या वाटांनी पाच पैशांचा फरक आला म्हणजे हिशोब बसला. फुल चार्जचं पण यातूनच निघतं, टक्क्याचा खर्च गुणिले १००, पहिल्या सेशनवरून १०३८ आणि दुसऱ्यावरून १०५४. म्हणजे शून्य ते शंभर साधारण साडेदहाशे धरा. अर्थात शून्यावर गाडी कोणी आणत नाही आणि ८०% नंतर फास्ट चार्जर पण रेंगाळतो, म्हणून हा आकडा तुलनेसाठी ठीक, रोजच्या वापरात टक्क्याचा खर्चच कामाचा. आमच्याकडे मिनिटाचे किंवा सेशनचे वेगळे पैसे नाहीत म्हणून असं सरळ गुणता येतं, दुसरीकडे फिक्स चार्ज असेल तर तो आधी बाजूला काढा नाहीतर छोट्या चार्जिंगवरून काढलेला फुल चार्ज उगाच फुगलेला दिसेल.

आता मीटरचं, कारण तो आरोप मला जास्त लागला. आमचा मीटर गाडीला लावायच्या गनकडच्या बाजूला आहे, तिथून गाडीत जेवढी वीज गेली तेवढीच मोजतो, चार्जरच्या आत जी तापून जाते ती आमच्या अंगावर. गाडीत २६.४ गेले आणि २४ साठले, मग २.४ कुठे गेले? तुमचं सेशन ४५ मिनिटांचं, भर उन्हात, आणि तुम्ही आत एसी लावून बसला होतात, तिथे साधारण एक युनिट जातं. बॅटरी चार्ज होताना स्वतः गरम होते आणि तिला थंड ठेवायला पंप चालतो, त्यात आणखी एखादं. उरलेलं टक्क्याच्या गोळाबेरजेत, कारण स्क्रीनवर २०% दिसतं तेव्हा आत २०.४ पण असू शकतं, ४० युनिटच्या बॅटरीत एक टक्का म्हणजे ०.४ युनिट. म्हणूनच पाच-दहा टक्क्यांच्या छोट्या सेशनवरून कधी हिशोब करू नका, गोळाबेरीजच सगळं उत्तर खाऊन टाकते. मीटरवर खरंच शंका आली तर बिलात मीटर स्टार्ट आणि मीटर स्टॉप असे दोन आकडे असतात, त्यांची वजाबाकी बिलातल्या युनिटशी जुळली पाहिजे, आणि मोठ्या सेशनमध्ये बिलाचे युनिट बॅटरीत गेलेल्यापेक्षा वीस टक्क्यांनी वगैरे जास्त दिसायला लागले तर मला सांगा, मी मीटर तपासून घेतो. तुमच्या दोन्ही सेशनमध्ये फरक दहा-बारा टक्के आहे, एसी धरून तो बसतो.

एक आणखी, तुमच्या डॅशबोर्डच्या फोटोत ६.९ किमी प्रति युनिट दिसतंय, त्यावरून २३.६० भागिले ६.९ केलं तर ३.४२ येतं. तो आकडा पण पूर्ण खरा नाही, कारण गाडी फक्त बॅटरीतून बाहेर आलेली वीज मोजते, चार्ज करताना वाया गेलेली तिच्या खात्यात येतच नाही. तुमच्या खिशातून गेले ते ३.७९ च.

घरी स्लो चार्जरवर हाच हिशोब करायला गेलात तर बऱ्याच वेळा अ‍ॅपमध्ये टक्के दिसणारच नाहीत, कारण अशा स्लो चार्जरला गाडी टक्के कळवत नाही. तिथे सुरुवातीला आणि शेवटी डॅशबोर्डचा फोटो काढून ठेवा, टक्के आणि किमी दोन्ही येतील असा.

आमच्याकडून काय केलं ते पण सांगतो. स्टेशनवरच्या बोर्डवर आजपासून टॅक्स धरून २३.६० लिहिलाय, अ‍ॅपवाल्यांना पहिल्या स्क्रीनवर तोच रेट दाखवायला सांगितलंय, पण त्यांचं काम आहे, थोडे दिवस लागतील. पोराला पण हिशोब समजावलाय. आणि तुमच्या १३०० मधले २०२.६० अजून वॉलेटमध्ये पडून आहेत, नको असतील तर प्रोफाइलमध्ये जाऊन रिफंडची रिक्वेस्ट टाका, मी इकडून मंजूर करतो.