कंबर जुळली म्हणून ट्राउझर बसत नाही

«ट्राउझर मागवायला टेप लागत नाही. आत्ताच्या पॅन्टच्या लेबलवर जो आकडा असेल तीच आपली कंबर. कंबर जुळली की सीट, म्हणजे नितंबांचा घेर, आपोआप जुळते, आणि लांबी उंचीवरून कळते.»

असं बरेच जण मानतात, पण ते खरं नाही. लेबलवर ३४ असलेली पॅन्ट बटण लावून सपाट पसरा, पुढची-मागची कड जुळवा आणि कमरपट्टी मोजून दुप्पट करा. बरेचदा ३५ किंवा ३६ इंच भरतील, कारण ३४ हे त्या कंपनीने साइझला दिलेलं नाव असतं. दुसऱ्या कंपनीचं ३४ वेगळं निघू शकतं.

अंगावर मोजताना टेप बेंबीवर नको. ट्राउझरची वरची कड जिथे बसते तिथेच, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत बेंबीच्या दोन-तीन इंच खाली, टेप धरा. श्वास सोडा, पोट आत ओढू नका, टेपखाली एक बोट सहज सरकू द्या.

खरी गफलत सीटमध्ये होते. पाय जुळवून उभे राहा, खिसे रिकामे करा आणि नितंबांचा सर्वांत भरलेला भाग मोजा. टेप मागे खाली घसरतो, म्हणून आरशात बाजूने पाहून तो जमिनीला समांतर आहे ना, ते तपासा.

समजा, कंबर ३५ आली आणि सीट ४२. कंपनीच्या साइझच्या तक्त्यात तयार कपड्याची मापं अशी आहेत: साइझ ३४ ची कंबर ३५, सीट ४२, साइझ ३६ ची कंबर ३७, सीट ४४. कंबरेवर भरवसा ठेवणारा ३४ घेईल. पण न ताणणाऱ्या कापडात सीटला निदान दोन इंच सैलपणा हवा. तो नसला की खिशांची तोंडं उघडी राहतात, जांघेशी आडव्या चुण्या पडतात आणि बसताना पॅन्ट मागून खाली ओढली जाते. लोक याला कंबर घट्ट झाली असं समजतात. इथे ३६ घ्या आणि मागच्या शिवणीतून कंबर दीड इंच कमी करून घ्या. उलट काम, म्हणजे सीट सैल करणं, आत कापड सोडलेलं असेल तरच जमतं. तयार कपड्यांत ते थोडंच असतं. मात्र तक्ता अंगाच्या मापांचा असेल तर सैलपणा त्यात आधीच धरलेला असतो, पुन्हा मिळवू नका.

उंचीवरून लांबीचा अंदाज तर सोडूनच द्या. सारख्या उंचीच्या दोघांत एकाचं धड लांब असतं, दुसऱ्याचे पाय. नीट बसणारी, धुतलेली पॅन्ट पसरा, एक पाय बाजूला दुमडा आणि जांघेत जिथे चार शिवणी भेटतात तिथून आतल्या शिवणीने मोहरीपर्यंत मोजा. हेच इनसीम. दोन आकड्यांमध्ये आलं तर मोठा घ्या, मोहरी नंतर आत मुडपता येते.