मेल्या म्हणजे जेवलास का?

विषय काढला सुऱ्याने. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही चौघं, होस्टेलमधलेच जुने. म्हणाला, "तो जर्मन आठवतो का? वही घेऊन फिरायचा तो?"

न आठवायला काय झालं! एका सेमिस्टरपुरता आलेला, मराठी पुस्तकातून शिकलेला. पहिल्याच रात्री बंड्या उशिरा आला, तेव्हा सुऱ्या खेकसला, "मेल्या, कुठे उलथला होतास?" जर्मन घाबरला. आता मारामारी होणार! तर सुऱ्याने टेबलावरच्या ताटलीखालून वाटी पुढे केली. गार आमटी, दोन पोळ्या. स्वतःच्या वाटणीतल्या.

मग तो वहीत लिहायला लागला. डावीकडे शिवी, उजवीकडे तिच्या मागोमाग काय झालं ते. महिन्याभराने म्हणाला, शिवीनंतर बहुतेक वेळा जेवण येतं, नाहीतर उसने पैसे. आणि त्याच जोरावर मेसच्या काकांना "काय मेल्या" म्हणाला. काकांचा डाव हवेतच थांबला. शब्द तोच, पण तो कोणी कोणाला म्हणायचा हे वहीत नव्हतं.

उलटं मात्र त्याला झटकन कळलं. एकदा सुऱ्या बंड्याला म्हणाला, "आपण बसा, साहेब." जर्मन माझ्या कानात पुटपुटला, "भांडण झालंय ना?" झालं होतं. त्यांच्याकडेही 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे असतात, म्हणाला. जवळच्या माणसाला एकदम 'तुम्ही' म्हटलं की गारठा पडतोच.

"आमच्या कोकणात आजीच नातवाला मेल्या म्हणते," प्रकाश म्हणाला. "शिमग्यात तर बोंब मारून शिव्या द्यायच्या, राग धरायचा नाही."

मी जरा शहाणपणा केला. म्हटलं, रॅडक्लिफ-ब्राऊन नावाच्या मानवशास्त्रज्ञाने १९४० साली यावर लेख लिहिलाय. थट्टेचं नातं. एकाने चिडवायचं, दुसऱ्याने रागवायचं नाही. पण त्यात दोन प्रकार सांगितलेत: कुठे दोघांनाही मुभा, कुठे एकालाच.

"म्हणजे काळ्याचं काय होतं?" बंड्या मध्येच म्हणाला.

काळ्या आमच्या शेजारच्या खोलीतला. हसायचा सगळ्यांबरोबर.

"हसायचा की," सुऱ्या म्हणाला. "त्याला काही वाटत नव्हतं."

"त्याने तुला कधी उलट शिवी दिली?"

सुऱ्या आठवत बसला. कटिंग गार झाला. मीही आठवून पाहिलं. बंड्या मला दिवसातून दहा वेळा गाढवा म्हणायचा, मी त्याला अकरा वेळा. काळ्याकडून परत आलेला एकही शब्द सापडेना.

"जर्मनच्या वहीत असेल," प्रकाश म्हणाला. कोणी हसलं नाही.

"फोन लावूया का त्याला? काळ्याला?" सुऱ्याने मोबाइल काढला. मग थांबला. "नाव काय रे त्याचं?"

चौघांपैकी एकालाही सांगता येईना.