दुधाचा पेला आणि ‘ट्रिप्टोफॅन’

आज सकाळी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप समूहावर मावशीने लिहिले, की गेले तीन महिने तिला रात्री दोन-अडीचनंतर झोपच लागत नाही. पाच मिनिटांच्या आत एका भाच्याने तिला उत्तर पाठवले: “रोज झोपताना एक पेला गरम दूध घे, त्यात ट्रिप्टोफॅन असते, शास्त्राने सिद्ध झालेले आहे.” त्याखाली अकरा जणांनी अंगठे उमटवले आणि मावशीचे दुखणे तिथेच मिटल्यासारखे झाले. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे, कारण हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांना ऐकवले होते.

आई गेल्यानंतर बाबांची झोप उडाली. त्यांनी आयुष्यात कधी रात्री दूध घेतलेले नव्हते. ते आईचे होते. तिला झोपण्यापूर्वी अर्धा पेला दूध लागायचे आणि ते घेतल्यावर ती दहा मिनिटांत झोपायची. मी एक लेख वाचला, त्यात ट्रिप्टोफॅनची गोष्ट होती, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री साडेनऊला बाबांच्या उशाशी मोठा पेला भरून दूध ठेवू लागले. ते सायीला बोट लावून ती कडेला ओढायचे, श्वास रोखल्यासारखे दूध संपवायचे आणि माझ्याकडे न पाहता पेला परत द्यायचे. मला वाटायचे, औषध कडूच असते.

आता त्या लेखातल्या ट्रिप्टोफॅनबद्दल. हे एक अमिनो आम्ल आहे, शरीराला ते अन्नातूनच मिळवावे लागते आणि मेंदूत त्यापासून सेरोटोनिन व पुढे झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन तयार होते. इथपर्यंत सगळे खरे आहे आणि म्हणूनच ही गोष्ट इतकी पटते. परंतु 200 मिलिलिटर दुधात ट्रिप्टोफॅन असते साधारण 90 ते 100 मिलिग्रॅम. ज्या प्रयोगांत शुद्ध ट्रिप्टोफॅन देऊन झोपेत काही फरक दिसला, त्यांत बहुधा एक ग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा दिलेली होती. म्हणजे निव्वळ वजनाचा हिशोब केला, तरी एका बैठकीत दोन लिटर दूध प्यावे लागेल.

आणि तेवढे प्यायल्यानेही काम होणार नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रक्तातून मेंदूत जाण्यासाठी ट्रिप्टोफॅनला जे वाहक लागतात, त्याच वाहकांवर ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, फिनाइलअॅलानीन आणि टायरोसीन या इतर अमिनो आम्लांचाही हक्क असतो. दुधातल्या प्रथिनांत या पाच जणांचे एकत्रित प्रमाण ट्रिप्टोफॅनच्या सुमारे वीसपट भरते. अरुंद दारापाशी एकाच वेळी वीस जण उभे आणि त्यात आपला एक! त्यामुळे प्रथिने खाल्ल्यावर रक्तातले ट्रिप्टोफॅन वाढते, पण मेंदूत शिरणारे त्या मानाने वाढत नाही, कधी कधी कमीच होते. फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवर केलेल्या प्रयोगांत तर प्रथिनविरहित कर्बोदके दिल्यावर मेंदूतले ट्रिप्टोफॅन वाढले, कारण इन्सुलिनमुळे बाकीची अमिनो आम्ले स्नायूंत ओढली गेली आणि दार मोकळे झाले. दुधात साखर असते खरी, पण तिच्या जोडीला हे सगळे प्रतिस्पर्धीही असतात. ट्रिप्टोफॅनच हवे असेल, तर ते इतर बहुतेक प्रथिनयुक्त पदार्थांतही आहे. ते खाऊन झोप येईल असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही.

बाबा मला हे काही विचारत नव्हते. ते दूध पीत होते आणि रात्री दीड वाजता लघवीला उठत होते. पूर्वी ते एकदा उठायचे, आता दोनदा उठू लागले, आणि एकदा उठले की पहाटेपर्यंत जागे. मी काय केले? दूध थोडे अधिक गरम करून दिले.

दुधाने कोणालाच झोप येत नाही, असे मी म्हणत नाही. एडिनबर्गमध्ये ब्रेझिनोव्हा आणि ऑस्वाल्ड यांनी 1972 मध्ये मोजक्या लोकांना झोपताना माल्टयुक्त दुधाचे पेय देऊन त्यांच्या मेंदूचे आलेख रात्रभर घेतले, आणि विशेषतः वयस्करांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात कमी मोडलेली दिसली. हे मान्य करावे लागेल. पण मग 1980 मध्ये कर्स्टीन अॅडम यांनी याच प्रश्नाकडे पुन्हा पाहिले, तेव्हा झोपेपूर्वी काहीतरी खाण्यापिण्याची सवय असलेल्यांना त्या पेयाने बरे वाटले, तर रात्री काहीच न घेणाऱ्यांची झोप काहीच न घेता चांगली लागली. मी हे वाचले तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले. माझ्या घरातच तो प्रयोग झाला होता. आईला दूध लागायचे, कारण ती वर्षानुवर्षे ते घेत होती आणि तो पेला रिकामा झाला की दिवस संपला, हे तिच्या शरीराला ठाऊक होते. बाबांच्या शरीराला ते मुळीच ठाऊक नव्हते. मी आईची सवय त्यांच्या गळी उतरवत होते, आणि वर तिला शास्त्राचे नाव देत होते.

तो भाचा वाईट नाही, हे मला कळते. काळजीनेच लिहिले त्याने. ज्यांना रात्री दूध आवडते, पचते, त्यांनी जरूर घ्यावे. भुकेल्या पोटी झोप मोडते हेही खरे आहे. माझा राग त्या एका शब्दावर आहे, कारण तो शब्द आला की पुढचा प्रश्न विचारणे थांबते. ट्रिप्टोफॅन म्हटल्यावर मला वाटले की उपाय सापडला, आणि चार महिने मी बाबांना एकदाही विचारले नाही की तुम्ही अंथरुणावर नेमके किती वाजता पडता.

ते शेवटी एका डॉक्टरांनी विचारले. बाबा दुपारी दोन तास झोपत होते आणि एकट्याने बसवत नाही म्हणून रात्री साडेआठलाच आडवे होत होते. डॉक्टरांनी त्यांना दोन आठवडे वहीत वेळा लिहायला लावल्या: कधी आडवे झालो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा उठलो, कधी अंथरूण सोडले. साडेनऊ तास अंथरुणात आणि त्यात झोप जेमतेम साडेपाच तासांची. मग दुपारची झोप बंद, रात्री साडेअकराच्या आधी आडवे व्हायचे नाही, सकाळी साडेपाचला उठायचे म्हणजे उठायचे. पहिले दहा दिवस ते चिडचिडे होते, दिवसा डोळे मिटायचे. तिसऱ्या आठवड्यात ते सलग चार तास झोपले, मग झोपेची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली. या पद्धतीची गणना निद्रानाशावरच्या वर्तनोपचारात होते आणि दीर्घकालीन निद्रानाशावर अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका संघटनेने 2016 मध्ये हाच उपचार सर्वांत आधी करावा असे सुचवले आहे. त्यासाठी कोणाचे अंगठे उमटत नाहीत, कारण त्यात पेला भरून द्यायचे समाधान नसते.

दूध बंद केले त्या रात्री बाबा म्हणाले, “तू इतक्या प्रेमाने आणतेस, म्हणून नाही म्हणवत नव्हते.”

संध्याकाळी मी मावशीला फोन केला. दुधाचा विषय काढला नाही. रात्री किती वाजता आडवी होतेस, एवढेच विचारले. ती म्हणाली, “साडेआठ-नऊलाच गं, करायचे काय दुसरे?” घोरते का, पाय वळवळतात का, रक्तदाबाची गोळी कधी घेते, हेही विचारायचे आहे. रविवारी जाणार आहे तिच्याकडे, एक कोरी वही घेऊन.