काकांच्या पेटीवरचा हरवलेला i

ऐन वैशाखात, हापूसच्या पेट्या भरण्याची घाई चाललेली असताना, रत्नागिरीच्या काकांनी मला एका लेबलाचा फोटो पाठवला. छापखान्याने त्यावर Ratnagri असे छापले होते आणि मूळ फाइल कोणालाच सापडत नव्हती, म्हणून तेवढा एक शब्द "त्याच अक्षरात" टाइप करून देण्याची आज्ञा झाली. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, शिवाय काकांनी तो शब्दाला चिकटून कातरलेला होता.

"अक्षरासारखं अक्षर, त्यात एवढं काय बघायचंय?" असे काकांनी फोनवर विचारले.

अक्षरांच्या टोकांना आडव्या पायऱ्या नव्हत्या आणि रेषांची जाडी जवळपास सारखी होती, त्यामुळे संशय दोन फॉन्टवर आला: १९५७ चा स्विस हेल्व्हेटिका आणि १९८२ चा एरियल. शब्द दोन्हींत टाइप करून, उंची जुळवून, अर्धपारदर्शक करून फोटोवर ठेवला, तर दोन्ही तंतोतंत बसले! यात नवल नाही. एकाच्या जागी दुसरा वापरला तरी ओळी सरकू नयेत म्हणून एरियलच्या अक्षरांची रुंदी हेल्व्हेटिकाइतकीच ठेवलेली आहे. म्हणजे फूटपट्टी या खटल्यात कायमची फितूर.

मग अक्षरांची उलटतपासणी सुरू झाली. n कडून काहीच निघेना. हेल्व्हेटिकाच्या a ला खाली उजवीकडे छोटी शेपटी असते, एरियलच्या a ला ती नसते. पण धुरकट फोटोत शेपटी दिसली नाही, एवढ्यावरून ती नव्हतीच असे म्हणता येत नाही. लेबल मोठ्या लिपीत असते तर G ने एका क्षणात निकाल दिला असता, कारण हेल्व्हेटिकाच्या G ला खाली खुंटी असते आणि एरियलच्या G ला नसते. काकांच्या नशिबी मात्र छोटा g होता. राहिला R. त्याचा पाय हेल्व्हेटिकात वळून जवळजवळ उभा खाली उतरतो, एरियलमध्ये सरळ तिरका जातो, आणि एवढा मोठा भाग धुरकटपणातही पुसला जात नाही. इथे पाय तिरका होता. t चा माथाही आडवा कापलेला नसून उतरता दिसत होता, तेव्हा एरियलवर गुन्हा शाबीत झाला.

पण हरवलेला i परतला की शब्द साध्या जाडीत सुमारे सहा टक्के लांबतो, आणि लेबलावर आंब्याचे चित्र लगेच पुढे उभे. शब्द आडवा दाबला असता तर उभ्या रेषा बारीक होऊन नवे अक्षर लगेच परके दिसले असते. म्हणून अक्षरांमधील अंतर किंचित कमी करून मी नमुना पाठवला.

काकांचे उत्तर आले, "ठीक आहे. आता आंबाही जरा डावीकडे घे."